रिझोल्यूशन नका उतरवू, हर्ट्‌झ उतरवा

नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर अक्षरं बारीक दिसायला लागली की बरेच जण थेट रिझोल्यूशन कमी करून टाकतात. अक्षरं मोठी होतात आणि वर बॅटरीही वाचली असं वाटतं. प्रत्यक्षात अक्षरं बिघडतात आणि बॅटरीला जवळजवळ काहीच मिळत नाही. असं का होतं, हे आज एकच पडदा घेऊन नीट पाहू. हा पडदा 14 इंची आहे, 2880 × 1800 पिक्सेलचा, 120 हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र नव्याने दाखवणारा, आणि साध्या एलसीडी जातीचा. असे लॅपटॉप आता दुकानात सर्रास मिळतात.

आधी अक्षराकडे पाहू. आपलं उदाहरण देवनागरीचंच घेऊ, कारण आपल्या लिपीत बारीक खुणा फार असतात. ‘संत’मधला अनुस्वार घ्या. विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरं आणि खिडक्या किती मोठ्या काढायच्या ते प्रमाण, 100 टक्के असताना 12 पॉइंटचा टाइप 16 पिक्सेल उंचीच्या चौकटीत बसतो, आणि त्यात अनुस्वाराच्या टिंबाला साधारण दोन बाय दोन, म्हणजे चार पिक्सेल मिळतात. आता आपल्या पडद्यावर तुम्ही रिझोल्यूशन 1920 × 1200 केलंत. काचेवरचे पिक्सेल काही कमी होत नाहीत, ते 2880 च राहतात. त्यामुळे संगणकाने चार ठिपक्यांचं चित्र पाठवलं, तरी काचेवर ते तीन बाय तीन, म्हणजे नऊ पिक्सेलवर ताणावं लागतं. एका ठिपक्याच्या प्रत्येक बाजूला दीड पिक्सेल येतो. अर्धा पिक्सेल पेटवता येत नाही, म्हणून कडेला करडी छटा भरली जाते. टिंब गोल न दिसता पुसट डाग दिसतो. रफार आणि जोडाक्षरांतल्या अरुंद पोकळ्या यांचंही तेच होतं. ‘तत्त्व’ वाचताना डोळे बारीक करावे लागतात ते यामुळेच.

आता रिझोल्यूशन 2880 × 1800 वरच ठेवा आणि स्केलिंग 150 टक्के करा. काचेवर अक्षराचा आकार मघाइतकाच येतो. पण आता टाइप 24 पिक्सेलच्या चौकटीत त्याच्या मूळ रेषांवरून नव्याने काढला जातो, आणि टिंबाच्या नऊही पिक्सेलना स्वतःचं मूल्य मिळतं. जागा तीच, आकार तोच, तरी कडा स्वच्छ. स्केलिंगचा सगळा फायदा इथे आहे. 125 किंवा 150 टक्क्यांवर अक्षर हमखास धूसर होतं हा समज चुकीचा आहे. प्रोग्रॅम नीट लिहिलेला असेल तर अक्षर नव्याने रेखलं जातं. फार तर एका पिक्सेलची रेघ किंवा जुनं चित्ररूप आयकन थोडं मऊ दिसेल.

प्रोग्रॅम जुना असला की मात्र अडचण येते. त्याला स्केलिंग कळत नाही. मग तो 100 टक्क्यांचं चित्र काढतो आणि विंडोज ते चित्र ताणून दाखवतं. ओळखायची खूण सोपी आहे. सगळा पडदाच धूसर असेल तर रिझोल्यूशन चुकलंय. खालचा टास्कबार स्वच्छ आणि एकच खिडकी धूसर असेल तर दोष त्या प्रोग्रॅमचा. त्याच्या .exe फाइलवर राइट-क्लिक करून Properties मध्ये Compatibility, मग Change high DPI settings उघडा. तिथे Override high DPI scaling behavior ला खूण करून System (Enhanced) निवडून पाहा. बऱ्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये त्याने अक्षर सुधारतं, सगळ्यांत नाही. प्रोजेक्टर जोडल्यावर अचानक एखादी खिडकी धूसर झाली, तर तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. दोन पडद्यांचं स्केलिंग वेगळं असलं की असं होतं.

आता बॅटरी. एलसीडीत सगळ्यांत जास्त वीज मागच्या प्रकाशाला, म्हणजे बॅकलाइटला लागते. पिक्सेल जितके दाट, तितकी त्यांच्यामधल्या तारा आणि ट्रान्झिस्टर यांनी अडवलेली जागा जास्त. प्रकाश कमी आरपार जातो, म्हणून तेवढ्याच उजेडासाठी बॅकलाइट अधिक पेटवावा लागतो. दाट पडद्याची ही किंमत तुम्ही दुकानातच मोजलेली असते. सेटिंगमध्ये रिझोल्यूशन उतरवून ती परत मिळत नाही, कारण तारा आहेत तिथेच राहतात. ग्राफिक्स चिपचं काम कमी होतं हे खरं, आणि गेम खेळताना तो फरक मोठा असतो. पण एखादा दस्तऐवज समोर उघडा असताना चिपला मुळातच फारसं काम नसतं.

रिफ्रेश रेटचं, म्हणजे हर्ट्‌झचं, गणित वेगळं आहे. आपल्या पडद्याचं एक चित्र म्हणजे सुमारे 52 लाख पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे जवळपास 21 एमबी. 60 हर्ट्‌झला ते सेकंदाला साठ वेळा मेमरीतून वाचून पाठवायचं, म्हणजे सव्वा जीबी. 120 ला अडीच जीबी. शिवाय प्रत्येक फेरीला काचेतले पिक्सेल नव्याने भारित करावे लागतात. पान सरकवताना ग्राफिक्स चिपलाही दुप्पट चित्रं काढावी लागतात.

यावर एक चांगला उपाय बऱ्याच लॅपटॉपच्या पॅनेलमध्येच, म्हणजे पडद्यातच असतो, त्याला पॅनेल सेल्फ रिफ्रेश म्हणतात. चित्र हलत नसेल तर पॅनेल स्वतःजवळच्या छोट्या मेमरीतून तेच दाखवत राहतं, आणि प्रोसेसर-मेमरीला झोप घेता येते. पण कोपऱ्यात एखादी हलती जाहिरात चालू असेल तर ही झोप मोडते. म्हणूनच एकाच लॅपटॉपवर एकाला फरक जाणवतो, दुसऱ्याला नाही.

किती फरक, ते हिशेबाने बघू. समजा बॅटरी 57 वॉट-तासांची आहे, आणि 120 वरून 60 वर आल्याने एक वॉट वाचला. नुसतं लिहिताना लॅपटॉप सात वॉट घेत असेल, तर 8 तास 9 मिनिटांचे साडेनऊ तास होतात. म्हणजे सव्वा तासाहून थोडा जास्त वेळ हाती लागला. तोच लॅपटॉप व्हिडिओ कॉलमध्ये 15 वॉट घेत असेल, तर तोच एक वॉट वाचूनही फक्त सोळा मिनिटं मिळतात. हर्ट्‌झ उतरवणं हे हलक्या कामात फळतं.

तुमच्या यंत्रावर किती वाचतं ते स्वतः मोजा. चार्जर काढा, पॉवरशेल उघडा आणि हे चालवा:

```
(Get-CimInstance -Namespace root\wmi -ClassName BatteryStatus).DischargeRate
```

आकडा बहुतेक यंत्रांवर मिलिवॉटमध्ये येतो. 7000 म्हणजे सात वॉट. पाच मिनिटं एकच फाइल उघडी ठेवून दर मिनिटाला आकडा टिपा, मग 60 हर्ट्‌झ करून पुन्हा टिपा. उजेड दोन्ही वेळा अगदी सारखा ठेवा आणि तो आपोआप बदलण्याची सोय बंद करा, नाहीतर उजेडाचा फरक हर्ट्‌झच्या नावावर जमा होतो. ओएलईडी पडदा असेल तर समोरचं पानही तेच हवं, कारण तिथे पांढऱ्या पानाला काळ्यापेक्षा कितीतरी जास्त वीज लागते.

हर्ट्‌झ बदलायची जागा Settings, System, Display, Advanced display अशी आहे. विंडोज 11 मध्ये काही पडद्यांना तिथेच Dynamic हा पर्याय मिळतो. तो असेल तर मी तोच ठेवायला सांगेन. पान सरकवताना किंवा पेनने लिहिताना तो वेग वाढवतो आणि एरवी खाली आणतो. नसेल तर बॅटरीवर 60, चार्जरवर 120.

नवीन लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी थोडं. चांगल्या नजरेला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग इतका तपशील वेगळा दिसतो. पन्नास सेंटिमीटरवर तो 0.145 मिलिमीटर भरतो. 14 इंचांत 1920 × 1200 चा पिक्सेल 0.157 चा, म्हणजे किंचित मोठा. 2880 × 1800 चा 0.105, म्हणजे बराच लहान. दिवसभर मराठी मजकूर तपासणाऱ्याला दाट पडदा घ्यावा असंच मी म्हणेन. पण ज्यांचं काम दिवसभर चार्जरविना फिरतीचं आहे आणि पडदा पन्नास सेंटिमीटरहून लांब असतो, त्यांनी 1920 × 1200 खुशाल घ्यावा. मधला 2240 × 1400 मिळाला तर त्याचा पिक्सेल 0.135 चा पडतो, आणि तो दोन्ही बाजूंनी पुरतो.