बाळासाठी नोकरी सोडताना पेन्शनची वर्षं सोडू नका

नमस्कार श्रोतेहो. आज बोलणार आहे खासगी नोकरी करणाऱ्या बायकांच्या पेन्शनबद्दल. वेर्णा, कुंडई, बेतोडा, थिवी इथल्या कारखान्यांत आणि म्हापसा-मडगावच्या कचेऱ्यांत हजारो मुली काम करतात. मूल झालं, सांभाळायला कुणी नाही, म्हणून त्यांतल्या कित्येक जणी राजीनामा देतात. त्यात पेन्शन नेमकी कुठे आणि किती कमी होते, याचा हिशेब मांडून पाहू. शक्य असेल तर कागद-पेन घेऊन बसा.

तुमच्या पीएफबरोबर पेन्शनचंही एक खातं चालतं. ही १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. मालकाच्या वाट्यातून मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ८.३३ टक्के रक्कम तिकडे जाते, पण हा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरतात. पेन्शन मात्र जमलेल्या पैशांवर ठरत नाही. शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी घ्यायची, तिला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. म्हणजे सरासरी १५,००० असेल, तर सेवेचं प्रत्येक वर्ष म्हातारपणी दरमहा सुमारे २१४ रुपये देतं. किमान दहा वर्षं भरली नाहीत तर महिन्याची पेन्शन मिळतच नाही. आणि वीस वर्षं पूर्ण करून ५८ व्या वर्षी निवृत्त झालात, तर दोन वर्षं वरून मिळतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, २०१४ च्या सप्टेंबरनंतर नोकरीला लागलेली एक मुलगी आहे. २६ व्या वर्षी ती बेतोड्याच्या कारखान्यात रुजू झाली. सात वर्षांनी, ३३ व्या वर्षी, तिने मुलासाठी नोकरी सोडली. सहा वर्षं घरी राहिली. ३९ व्या वर्षी पुन्हा कामाला लागली आणि ५८ पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, टिकली. शेवटची सरासरी १५,००० धरू.

खंड पडलाच नसता तर तिची सेवा बत्तीस वर्षं झाली असती. वरची दोन धरून चौतीस, आणि पेन्शन सुमारे ७,२८६ रुपये. खंड पडला पण आधीची सात वर्षं तिने जपली, तर सात आणि एकोणीस मिळून सव्वीस, अधिक दोन, म्हणजे बरोबर ६,००० रुपये. सहा वर्षं घरी राहण्याची किंमत झाली दरमहा १,२८६ रुपये.

पण आपल्याकडे बहुतेक वेळा काय घडतं? नोकरी सुटली की कुणीतरी सांगतं, "पीएफ काढून घे, पेन्शनचेही काढ." फॉर्म १० सी भरला जातो आणि सात वर्षांच्या सेवेच्या बदल्यात एकरकमी पैसे येतात. त्या वेळचा पगार १२,००० असेल तर साधारण पंच्याऐंशी हजार. त्या क्षणी ती सात वर्षं पुसली जातात. मग तिच्या नावावर उरतात फक्त एकोणीस वर्षं. वीस पूर्ण नाहीत, म्हणून वरची दोनही गेली. पेन्शन ४,०७१ रुपये. सहा वर्षं घरी राहून १,२८६ गेले होते, या एका फॉर्मने त्यावर आणखी १,९२९ घालवले. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच. मुलासाठी घरी राहणं तिला टाळता आलं नसेल, हा फॉर्म टाळता आला असता.

हिशेब प्रामाणिकपणे सांगायचा तर, ते पंच्याऐंशी हजार पंचवीस वर्षं सात टक्के व्याजाने कुणी अजिबात न हलवता ठेवले, तर तोटा भरून निघेल, कदाचित थोडं जास्तही होईल. पण असे पैसे चवथीआधी घर रंगवण्यात किंवा दुचाकीच्या हप्त्यात संपलेले मी पाहिले आहेत. शिवाय परतल्यावर ती पुढे आठच वर्षं काम करू शकली तर? सात जपलेली असतील तर पंधरा होऊन पेन्शन बसेल. काढलेली असतील तर दहा भरत नाहीत आणि दरमहा काहीच हाती येत नाही. आणखी एक फास आहे. पेन्शनचे पैसे काढले की तुम्ही त्या योजनेच्या सभासद राहत नाही. परत येताना मूळ पगार १५,००० च्या वर असेल, तर नव्याने आत जाताच येत नाही.

मग सोडताना काय करायचं? दोन मार्ग आहेत. काहीच न काढता यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक, तसाच ठेवा आणि नवी नोकरी लागल्यावर जुनं खातं तिकडे वर्ग करा. किंवा त्याच फॉर्म १० सी मध्ये पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागा, त्यावर तुमच्या सेवेची नोंद असते. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, हे लगेच बघा, कारण ती नसल्यामुळे पुढे खातं अडकतं. नवीन नोकरीत फॉर्म ११ भरताना "आधी पेन्शन योजनेचे सभासद होता का" याला 'हो' म्हणा आणि तोच यूएएन द्या. खातं वर्ग झाल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात जुनी रक्कम दिसत नाही. घाबरू नका, तिथे पैसे नव्हे, वर्षं पुढे जातात.

राजीनाम्याच्या आधीही एक विचार करा. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. कंपनी पगार देते तोवर पीएफही भरला जातो. ईएसआयकडून पैसे मिळत असतील, किंवा पुढे बिनपगारी रजा वाढवली असेल, तर ते दिवस सेवेतून वजा होतात. पीएफच्या पोर्टलवर सेवा-इतिहासात 'एनसीपी डेज' असा रकाना असतो, त्यात ते दिसतात. मालकाने चुकून जास्त दिवस टाकले असतील तर तिथेच कळतं.

आणि हे नीट ऐका. पेन्शन ठरते शेवटच्या पाच वर्षांच्या पगारावर. त्यामुळे मधली वर्षं कमी पगारात, अर्धवेळ किंवा घरून काम करून काढली, आणि पीएफ चालू राहिला, तर ती वर्षं पूर्ण मोजली जातात. म्हणून सोडण्याआधी मालकाकडे अर्धवेळ काम जरूर मागा, पगार निम्मा झाला तरी. बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण त्याला मालकाची संमती लागते.

नोकरी सुटलीच, तर घरी असताना या योजनेत स्वतःच्या खिशातून भरता येत नाही. त्या काळासाठी अटल पेन्शन योजना आहे. वय १८ ते ४०, आणि तुम्ही आयकर भरणाऱ्या नसाव्यात, पूर्वीही भरलेला नसावा. आपल्या उदाहरणातल्या बाईने ३३ व्या वर्षी दरमहा सुमारे तीनशे रुपये सुरू केले आणि साठीपर्यंत भरत राहिली, तर साठीनंतर तिला किमान २,००० रुपये दरमहा मिळतील. बँकेत किंवा पोस्टात हे खातं उघडता येतं.

ज्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि पैसे काढले की नाही हेच आठवत नाही, त्यांनी आधार कार्ड, जुनं नेमणूकपत्र आणि एखादी पगाराची पावती घेऊन पणजीला पाटोवरच्या पीएफ कार्यालयात जावं. विचारायचं एवढंच: माझी पेन्शनची सेवा किती वर्षं नोंद आहे, आणि फॉर्म १० सी चा दावा कधी मंजूर झाला होता का. झाला नसेल, तर ती वर्षं अजून तुमची आहेत. नमस्कार.