मटण महागलं, चिकन वाढलं… मग पर्यायी वस्तू ठरली का?

नमस्कार मंडळी. आज माझ्यासमोर ही एक वही आहे. कोल्हापुरातल्या एखाद्या पेठेत मटण-चिकनचं दुकान आहे आणि शेजारीच किराणा दुकान आहे, असं धरा. दोघांच्या रोजच्या विक्रीची ही नोंद. आकडे मी गणितासाठी बसवलेत, खऱ्या दुकानाचे नाहीत. पण त्यात जी गफलत आहे ती खरी आहे, आणि मुलांच्या प्रोजेक्टमध्ये मी ती पुन्हा पुन्हा बघते.

छेदक लवचिकता म्हणजे काय? एका वस्तूची किंमत शेकडा अमुक बदलली, तर दुसरीची मागणी शेकडा किती बदलते. भागाकार धन आला तर पर्यायी वस्तू, ऋण आला तर पूरक, शून्याच्या आसपास आला तर संबंध नाही. एवढं पुस्तकात असतंच. आपण सरळ वही उघडू.

दोन रविवार घेऊ, लागोपाठचे. पहिल्या रविवारी मटण ७०० रुपये किलो, चिकन विकलं ५० किलो. पुढच्या रविवारी मटण ७८०, चिकन ५४ किलो. आता शेकडेवारी काढताना खाली ७०० घ्यायचे की ७८०? जे घ्याल त्याप्रमाणे उत्तर हलतं. म्हणून दोन्हींची सरासरी घ्यायची, ७४०. ऐंशी भागिले ७४०, म्हणजे किंमत १०.८ टक्के वाढली. चिकनची सरासरी ५२, त्यामुळे विक्री ७.७ टक्के वाढली. एक्सेलमध्ये कुठल्याही रिकाम्या चौकटीत हे टाका:

```
=((54-50)/((54+50)/2))/((780-700)/((780+700)/2))
```

उत्तर ०.७१. धन आहे, म्हणजे पर्यायी. आता शेजारच्या किराणा दुकानातलं सुकं खोबरं बघा. रश्श्याचं वाटण त्याच्याशिवाय होत नाही. ते २० किलोवरून १८ वर आलं. तीच पद्धत लावली की उत्तर येतं उणे ०.९७. मटण कमी शिजलं, म्हणून खोबरंही कमी गेलं. पूरक वस्तू. इथवर सगळं आपल्या अनुभवाशी जुळतंय.

आता वहीचं दुसरं पान. श्रावणातला एक रविवार आणि गणपती विसर्जनानंतरचा एक रविवार. श्रावणात मटण ७००, नंतर ७४०. चिकन २० किलोवरून ६० वर. किंमत ५.६ टक्के वाढली, विक्री १०० टक्के वाढली. लवचिकता आली १८! आणि खोबरं? ते १० किलोवरून २० वर गेलं. त्याची लवचिकता अधिक १२.

थांबा जरा. अधिक १२ म्हणजे सुकं खोबरं मटणाचा पर्याय ठरलं. मटण परवडेना म्हणून लोक खोबरं खाऊ लागले, असं हे गणित सांगतंय. गणितात चूक नाही, भागाकार बरोबर आहे. चूक दोन रविवार निवडण्यात आहे.

हे ओळखायचं कसं? एक रकाना मी मुद्दाम झाकून ठेवला होता. मटणाची स्वतःची विक्री. पहिल्या पानावर मटण महागलं तेव्हा त्याची विक्री घटली होती. दुसऱ्या पानावर मटण महागलं आणि तरी ८ किलोवरून २५ वर गेलं! किंमत वाढून विक्रीही वाढली, म्हणजे आपण मागणीच्या त्याच रेषेवर नाही, रेषाच उजवीकडे सरकलीय. श्रावण पाळणारी घरं परत खायला लागली. त्यांच्यामुळे चिकन वाढलं, खोबरं वाढलं, आणि मटणाचा भावसुद्धा त्यांच्यामुळेच वाढला. किंमत हे कारण नव्हतंच, तीसुद्धा परिणाम होती.

म्हणून माझा आग्रह आहे, छेदक लवचिकता काढण्याआधी जिची किंमत बदलली त्या वस्तूची स्वतःची विक्री बघा. ती किमतीच्या उलट दिशेला गेली नसेल, तर ती जोडी बाजूला ठेवा. आणि तुलना रविवारची रविवारशीच करा. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला कितीतरी घरांत मांसाहार नसतो, तो फरक किमतीच्या खात्यावर टाकू नका. चिकनचा स्वतःचा भाव त्या आठवड्यात हलला नव्हता ना, हेही तपासा. पहिल्या पानावर तो मी स्थिर धरला होता.

वर्षभराच्या नोंदी असतील तर सगळं एका समीकरणात मांडता येतं:

```
ln(Qc) = a + b·ln(Pm) + c·ln(Pc) + d·ln(M) + e·S
```

ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम, Qc चिकनची विक्री, Pm मटणाचा भाव, Pc चिकनचा भाव, M ग्राहकांचं उत्पन्न, S म्हणजे श्रावण असेल तर १, नसेल तर ०. यात b ही छेदक लवचिकता आणि d ही उत्पन्न लवचिकता. श्रावणाचा भार S उचलतो, म्हणून b वर तो येत नाही.

आता हा d. उत्पन्न वाढल्यावर मागणी वाढली तर सामान्य वस्तू, घटली तर कनिष्ठ. एखाद्याचा पगार १५ हजारांवरून २० हजार झाला आणि त्याच्या महिन्याच्या केएमटीच्या फेऱ्या ४० वरून २८ झाल्या. उत्पन्न २८.६ टक्के वर, फेऱ्या ३५.३ टक्के खाली, लवचिकता उणे १.२. त्याच्यासाठी बसप्रवास कनिष्ठ वस्तू झाला, बहुतेक गाडी घेतली असणार. बस वाईट आहे असा याचा अर्थ नाही. 'कनिष्ठ' हा शब्द मला म्हणूनच खटकतो, तो वस्तूच्या दर्जाबद्दल बोलतो असं वाटतं. पण हा पगार भाववाढ वजा जाता वाढलाय ना? सगळंच महागलं असेल तर त्या पाच हजारांतले काही नुसते कागदावरचे.

आणि ज्वारी? कमाई वाढत गेली तशी भाकरी कमी झाली, चपाती आणि भात वाढला, म्हणून ज्वारी कनिष्ठ, असं लगेच लिहून टाकतात. पण त्याच काळात रेशनवर गहू आणि तांदूळ स्वस्त होते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र घरांना गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो झाला, २०२३ पासून तर मोफत. मग ज्वारी घटली ती उत्पन्न वाढलं म्हणून, की तिचा पर्याय स्वस्त झाला म्हणून? एकाच घराची दहा वर्षांची वही बघितली तर दोन्ही परिणाम एकत्र मिसळलेले दिसतात आणि वेगळे काढता येत नाहीत.

यावर उपाय असा, की दहा वर्षं नको, एकच महिना घ्या. एकाच पेठेतली वेगवेगळ्या कमाईची घरं घ्या, म्हणजे बाजारभाव सगळ्यांना सारखाच राहतो. पण तरी एक फट उरते. रेशनचा भाव सगळ्यांना सारखा नसतो, तो कार्डावर ठरतो आणि कार्ड उत्पन्नावर. म्हणून आधी रेशनकार्डं वेगळी करा. पिवळ्याची तुलना पिवळ्याशी, केशरीची केशरीशी, पांढऱ्याची पांढऱ्याशी. केशरीतही धान्य मिळणारी आणि न मिळणारी घरं असतात, ती पुन्हा वेगळी. मग प्रत्येक गटात महिन्याला किती किलो ज्वारी लागते ते विचारा. किती रुपयांची लागते ते नको, कारण जास्त कमाईचं घर महागाची चांगली शाळू घेतं आणि रुपयांत ज्वारी वाढलेली दिसते, किलोत कदाचित घटलेली असते.