मैदानाची तक्रार कशी लिहावी

मंडळी, मैदानात पाणी साचतं, कुंपण मोडलेलं असतं, आणि आपण महापालिकेला अर्ज देतो. ‘मैदानाची दुरवस्था झाली आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढंच लिहिलेला अर्ज कुठे थांबतो, ते सांगतो. कनिष्ठ अभियंत्याला त्यावरून अंदाजपत्रक करता येत नाही. तो एखादा माणूस पाठवतो, चेंबरमधला गाळ निघतो आणि तक्रार निकाली निघते. पुढच्या पावसात पाणी तिथंच!

म्हणून आधी मोजमाप. समजा, नाशिकच्या सिडको भागातलं ६० बाय ४० मीटरचं मैदान आहे. एका कोपऱ्यात १२ बाय ८ मीटरचं डबकं साचतं, सरासरी खोली ८ सेंटीमीटर. म्हणजे साडेसात हजार लिटरच्या आसपास पाणी. आता गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी घ्या. एक टोक चेंबरच्या जाळीपाशी, दुसरं डबक्याच्या तळाशी धरा. जाळी तळापेक्षा १२ सेंटीमीटर उंच निघाली, तर चेंबर कितीही साफ करा, पाणी चढून जाणार नाही. इथल्या काळ्या मातीत ते लवकर मुरतही नाही. पाऊस थांबल्यावर डबकं किती दिवस टिकतं, ते तारखांसह लिहा. आठवडा उलटला की त्यात डास तयार होतात.

मग मागणी नेमकी करता येते: खोलगट भाग मुरमाने भरून, दाबून, चेंबरकडे १०० ला १ असा उतार द्यावा, किंवा चेंबरचं तोंड खाली घ्यावं. तोंड खाली घेता येईल का, हे आतल्या पाइपच्या पातळीवर ठरतं. तो निर्णय अभियंत्यावर सोडा.

कुंपणाचं कलम याच्यानंतर येऊ द्या. अँगलचे खांब बहुतेक वेळा जमिनीलगतच गंजून मोडतात, कारण बुडाशी पाणी राहतं. पाण्याला वाट करून देण्याआधी नवी चेनलिंक जाळी बसवली, तर तीही तशीच जाईल. किती मीटर जाळी नाही, किती खांब तुटले, कोणत्या बाजूला, एवढं लिहा. नव्या खांबाचं काँक्रीट जमिनीच्या थोडं वर आणून त्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा, हीही ओळ घाला.

पत्रावर विभागीय अधिकाऱ्यांचं नाव घालण्यापूर्वी नगररचना विभागात एक गोष्ट तपासा: जागा महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहे का. लेआउटमधली मोकळी जागा अजून विकासकाच्याच ताब्यात असेल, तर अर्ज तिथंच अडतो. सर्व्हे नंबर आणि प्रभाग क्रमांक विषयाच्या ओळीतच हवेत. प्रत बांधकाम विभागाला द्या.

दोन प्रती न्या. दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिपायाच्या हातात दिलेला कागद म्हणजे दिलेलाच नाही, असं समजा. उत्तर आलं नाही, तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात ‘कामाचं काय झालं?’ असं विचारू नका. त्या आवक क्रमांकावरील टिपणीची आणि स्थळपाहणी अहवालाची प्रत मागा. त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे.