रिजेक्शन कमी झालं, पण कुणी केलं?

(बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्री आणि मशीनशॉपमधल्या कर्मचाऱ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सेल्फ अप्रेझलच्या फॉर्ममध्ये सगळ्यांनी मिळून केलेल्या कामातला आपला वाटा कसा लिहायचा, हे सांगायला मला बोलावलंय. ते सांगतोच. पण आधी आकड्याबद्दल बोलू द्या, कारण श्रेयाची भांडणं होतात ती बहुतेक खोट्या आकड्यावर. जे झालंच नाही, त्याची वाटणी काय करायची?

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. बिडाच्या कास्टिंगची फौंड्री, ग्रीन सँड मोल्डिंग. मार्च संपला, एप्रिलमध्ये फॉर्म आला आणि क्वालिटीतल्या एका इंजिनिअरनं लिहिलं, 'मी रिजेक्शन 8.4 टक्क्यांवरून 4.6 टक्क्यांवर आणलं.' म्हणजे जवळपास 45 टक्के घट. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत, आपापल्या रजिस्टरशी जुळवत बसू नका.)

दोन्ही आकडे रजिस्टरमध्ये खरेच आहेत. पण 8.4 कधीचा? जुलै ते सप्टेंबरचा. आणि 4.6? जानेवारी ते मार्चचा. बेळगावचा पावसाळा काय असतो, हे या हॉलमध्ये कुणाला सांगायला नको. स्क्रॅप भिजलेलं येतं, नवी वाळू ओली येते, तयार कोअर रॅकवर पडून ओल धरतात, आणि ब्लोहोल वाढतात. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी झाली की रिजेक्शन आपोआप थोडं उतरतं. मान्सून परत गेला याचं श्रेय हवामान खात्यानंसुद्धा कधी घेतलेलं नाही, पण आपल्या फॉर्ममध्ये ते दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच!

म्हणून तुलना करायची ती मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी. समजा तेव्हा रिजेक्शन 6.1 होतं. म्हणजे सुधारणा 6.1 वरून 4.6. इथंही थांबू नका. पातळ भिंतीचा, मोठ्या कोअरचा एक जॉब असतो, सगळ्यांना छळणारा. त्याची ऑर्डर डिसेंबरमध्ये बंद झाली असेल, तर तो जॉब मागच्या वर्षीच्या हिशेबातूनही काढा. काढल्यावर मागचा आकडा 5.6 निघाला असं धरा. आता उरली 5.6 ते 4.6, शंभरातल्या एका टक्क्याची सुधारणा; मघाच्या 45 टक्क्यांच्या हिशेबानं मोजली तर साधारण 18 टक्के घट. ऐकायला किरकोळ वाटते. फौंड्रीत राबलेल्या माणसाला वाटणार नाही. आणि हा एक टक्का कुणी खोडू शकत नाही. पंचेचाळीस टक्के खोडायला प्लांट हेडला दोन मिनिटं पुरतात, आणि मग खरा एक टक्काही त्यांच्या नजरेत संशयास्पद होतो.

पैशाच्या बाबतीतही हेच. वाचलेलं वजन गुणिले विक्रीचा दर, असा हिशेब लिहू नका. रिजेक्ट झालेला माल फेकत नाही आपण, परत भट्टीत टाकतो. बुडते ती वितळवायची वीज, इंडक्शन फर्नेसला टनामागं साधारण 600 युनिट धरा, शिवाय मजुरी, कोअर आणि जळतीत गेलेला धातू. अकाउंट्सवाल्यांना विचारून तो आकडा घाला. ते चहा न पाजताही सांगतात.

आता हा एक टक्का आला कुठून? क्वालिटीच्या इंजिनिअरनं ब्लोहोलचे पीस वेगळे काढले आणि मोल्ड कधी भरला त्याची वेळ प्रत्येक बॉक्सवर खडूनं लिहायला लावली. दोन आठवड्यांत दिसलं, की बहुतेक ब्लोहोल शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांतले आहेत. का? वाळू फिरून फिरून गरम होते, गार व्हायला वेळ मिळत नाही. मलरमधून मोल्डिंगपर्यंत जाताना तिच्यातलं पाणी उडतं, वाळू हाताला कोरडी लागते, मग सँड प्लांटचा ऑपरेटर अंदाजानं पाणी वाढवतो. कधी कमी, कधी जास्त. जास्त झालं की वाफ कास्टिंगमध्ये अडकते.

ही गोष्ट सँड प्लांटच्या ऑपरेटरला ठाऊक होती. 'उसुकु बिसी आगैति' असं तो कधीपासून म्हणत होता. वाळू गरम झालीय, एवढंच. त्याचं म्हणणं कागदावर आलं नाही, कारण तो कंत्राटी आहे आणि कंत्राटी माणसाला अप्रेझलचा फॉर्मच नसतो. पुढं मेंटेनन्सनं पाण्याचा गळका व्हॉल्व बदलला, लॅबनं ओलाव्याची टेस्ट शिफ्टला एकदा व्हायची ती तासाला सुरू केली, आणि मोल्डिंगच्या सुपरवायझरनं परतीच्या वाळूत नवी वाळू मिसळायचं वेळापत्रक बदललं. पाच माणसं, एक टक्का.

संयोजकांनी चिठ्ठी दिलीय, सात मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ विषय आता पळवत न्यावा लागणार.

पहिलं, या पाच जणांत टक्के वाटू नका. 'माझा वाटा 40 टक्के' याला अर्थ नाही. व्हॉल्व बदलला नसता तर तासाची टेस्ट नुसता आजार दाखवत बसली असती, आणि वेळेची नोंद नसती तर व्हॉल्वकडं कुणी बघितलंच नसतं. साखळीतली कुठलीही कडी काढली तर जवळजवळ सगळंच जातं. शिवाय रॉस आणि सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तर दोघांची बेरीज बऱ्याच कामांत शंभराच्या वर गेली. त्यांच्या मते कारण मुख्यतः आठवणीचं होतं: आपण केलेलं आपल्याला पटकन आठवतं. नवरा-बायकोंचं हे, तर मेंटेनन्स आणि क्वालिटीचं काय होईल!

तेव्हा वाटा न लिहिता कृती लिहा. निकाल टीमच्या नावावर, कृती आपल्या नावावर. असं: 'जानेवारी ते मार्चमध्ये, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत, बंद झालेला जॉब वगळून, टीमनं रिजेक्शन 5.6 वरून 4.6 टक्क्यांवर आणलं. मी ब्लोहोलची वेळेनुसार नोंद सुरू केली, त्यावरून शेवटच्या दोन तासांतला दोष दाखवला आणि व्हॉल्व बदलेपर्यंत मेंटेनन्सकडं पाठपुरावा केला. वाळू गरम होते हे निरीक्षण सँड प्लांटच्या ऑपरेटरचं.' पुढं त्याचं नाव, आणि व्हॉल्व, टेस्ट, वेळापत्रक कुणाचं ते एका ओळीत. प्रत्येक वाक्यामागं एक कागद हवा: रजिस्टरचं पान, लॅबची शीट, मेंटेनन्सचा जॉब कार्ड नंबर.

उलट्या बाजूची चूकही आपल्याकडं भरपूर. 'सर्वांच्या सहकार्यानं यश मिळालं.' हे सत्कार समारंभात ठीक. फॉर्म वाचणाऱ्याला त्यातून तुम्ही काय केलं ते कळत नाही. तुमच्या जागी दुसरा कुणीही असता तरी हेच वाक्य चाललं असतं. पाठपुरावा हेसुद्धा काम आहे. तीन आठवडे स्टोअर्सच्या मागं लागून व्हॉल्व आणला असेल तर ते लिहा, लाजू नका.

आणि फॉर्म सबमिट करायच्या आधी हा चार ओळींचा मजकूर उरलेल्यांना दाखवा, ज्याला फॉर्म नाही त्यालाही, कानडीत वाचून दाखवा हवं तर. कुणी 'हे मी केलं होतं' म्हटलं तर तिथंच दुरुस्त होतं. समजा, टीममधल्या तिघांचे फॉर्म एकाच टेबलावर जातात. तिघांनीही 'मी रिजेक्शन कमी केलं' लिहिलं तर वाचणारा तिघांचेही मार्क कापतो. तिघांच्या फॉर्ममध्ये तोच निकाल आणि वेगवेगळी कृती दिसली तर तिन्ही एकमेकांचे साक्षीदार होतात.

साहेबांनी तुमचं काम स्वतःच्या फॉर्ममध्ये लिहिलं तर काय, असं मागून कुणीतरी विचारतंय. साहेबांना निकाल लिहायचा हक्क आहे, टीम त्यांचीच. तुमची कृती त्यांनी स्वतःची म्हणून लिहिली असेल, तर तुमच्या फॉर्ममधला जॉब कार्ड नंबर आणि तारीख उपयोगी पडते. म्हणून नोंद एप्रिलमध्ये आठवून करू नका. व्हॉल्व बसला त्याच दिवशी वहीत टाका.