सुरण: खाजेचं गणित आणि बाजारातली निवड

तर सुरण म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो, घसा का खवखवतो? सुरणात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला, घशाला टोचतात. आता गंमत अशी की या सुया पाण्यात विरघळत नाहीत, चिंचेच्या पाण्यातही फारशा नाहीत, त्यामुळे नुसतं चिंचेत बुडवून ठेवलं की काम झालं असं समजू नका. पूर्ण शिजवणं, आंबट घालणं आणि ते पाणी फेकून देणं, तिन्ही मिळून खाज जाते.

अर्धा किलो सुरण धरू. आधी हात कोरडे, त्यावर खोबरेल किंवा गोडं तेल, आणि सुरणही चिरायच्या आधी कोरडाच हवा, कारण ओल्या हाताने चिरलं की त्याचा चीक सगळीकडे पसरतो. माती कोरड्या फडक्याने किंवा ब्रशने काढा. साल जाडच काढायची, तिथे कंजूसपणा नको. मग इंचभर फोडी करून दोनतीनदा धुवायच्या, आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, मीठ आणि फोडी बुडतील एवढं पाणी घालून उकळायचं. कोकणात चिंचेऐवजी आमसुलं टाकतात, तीही चालतात. आंबटामुळे फोडी लवकर मऊ होत नाहीत, म्हणून वेळ बघत बसू नका, सुरी घालून बघा, मधोमध अजिबात न अडकता आरपार गेली पाहिजे. पाणी फेकून द्या, मग भाजी करा नाहीतर काप तळा. कच्चे काप डायरेक्ट तव्यावर टाकले की बाहेरून कुरकुरीत, आत कच्चे, आणि रात्रभर खाकरत बसायचं! शंका वाटली तर फोड थंड करून कणभर जिभेच्या टोकावर ठेवा आणि जरा थांबा, चुणचुण आली तर परत शिजवा.

बाजारात काय बघायचं? आकाराच्या मानाने जड आणि दाबल्यावर घट्ट हवा. मऊ डाग, बुरशी, ओलसर वास असला तर सोडून द्या. वरच्या खळग्यातला कोंब बराच वाढलेला असेल तर तोही नको. कापलेला तुकडा घेताना कड काळी पडली नाही ना, चिकट झाली नाही ना हे बघा. रंगावरून खाज ओळखता येते असं बरेचजण सांगतात, माझा त्यावर भरवसा नाही, जात महत्त्वाची. गजेंद्र नावाची सुधारित जात कमी खाजरी आहे, रानातला किंवा गावठी सुरण मात्र बऱ्याचदा जास्त खाजतो, तेव्हा विकणाऱ्याला माल कुठला हे विचारा.

आणि घसा खवखवलाच तर थंड ताक किंवा दूध घोट घोट प्या. ओठ-जीभ सुजली किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र ताक-बिक राहू द्या, सरळ डॉक्टरकडे.