मनगटावरचा आकडा येतो कुठून?

(ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिशियनने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'स्मार्टवॉचचा उपयोग काय' असा छापलाय. त्यावर मी येणार आहे, पण आधी माझं जुनं दुखणं ऐकावं लागेल. सभागृहात किती जणांच्या मनगटावर बीपी दाखवणारं घड्याळ आहे? हात वर करा. बरेच आहेत. त्यातली किती स्वतः विकत घेतलीत आणि किती अमेरिकेतल्या मुलाने पाठवलीत, ते विचारत नाही. घरची भांडणं इथे नकोत.

दवाखान्यात हल्ली रोज कुणीतरी मनगट पुढे करतं. "डॉक्टर, आत्ता इथे येताना एकशे बावीस होतं, तुमच्या यंत्रावरच एकशे साठ कसं?" म्हणजे संशय माझ्या यंत्रावर! मी विचारतो, त्या घड्याळाने तुमची नस कुठे दाबली? उत्तर नसतं. माझा सगळा मुद्दा तेवढाच आहे, पण तो पटवायला मला एक गोष्ट सांगावी लागते. माझ्या विद्यार्थ्यांची ती ऐकून ऐकून पाठ झाली आहे. तुम्ही सुटला नाहीत.

२०१४ च्या जूनमध्ये अमेरिकेत एक ॲप आलं, 'इन्स्टंट ब्लड प्रेशर'. किंमत चार-पाच डॉलर. करायचं काय, तर आयफोनची वरची कड छातीच्या डाव्या बाजूला टेकवायची आणि तर्जनी कॅमेऱ्यावर ठेवायची. थोड्या वेळाने पडद्यावर बीपी. पट्टा नाही, पंप नाही, दंडाला चिमटा नाही. साधारण वर्षभर ते बाजारात होतं. पैसे मोजून घेतल्या जाणाऱ्या ॲपच्या यादीत ते पहिल्या पन्नासात जाऊन बसलं, आणि लाखाच्या वर प्रती खपल्या. २०१५ च्या जुलैमध्ये ते ॲपच्या ऑनलाइन दुकानातून उतरलं, पण ज्यांच्या फोनमध्ये होतं त्यांच्याकडे राहिलंच.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ते तपासायचं ठरवलं. ८५ माणसं घेतली. प्रत्येकाचं बीपी चाचणीतून उत्तीर्ण झालेल्या पट्ट्याच्या यंत्राने मोजलं आणि ॲपनेही मोजलं. २०१६ मध्ये निकाल छापून आला. ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं, त्यांच्यातल्या दर पाचांपैकी जवळजवळ चौघांना ॲपने सांगितलं होतं की तुमचं ठीक आहे. वरच्या आकड्यात सरासरी बाराच्या आसपास चूक. पण चूक कशी होती ते बघा, तीच खरी गंमत आहे. जास्त बीपी ते कमी दाखवायचं आणि कमी बीपी जास्त दाखवायचं. म्हणजे सगळ्यांना उचलून मधल्या एका आकड्याकडे आणून ठेवायचं.

इथे माझी लाडकी कसोटी येते. मी तिला 'ढ यंत्रा'ची कसोटी म्हणतो. समजा, मी एक डबा केला. आत काहीही नाही. तुमचं वय, उंची, वजन विचारायचं आणि त्या वयाच्या माणसाचं सर्वसाधारण बीपी असतं तेवढं छापायचं. तरुण असेल तर ११८, साठीचा असेल तर १३२. त्यात थोडं इकडेतिकडे करायचं, नाहीतर रोज तोच आकडा पाहून तुम्हाला शंका येईल. हा डबा बऱ्याच लोकांच्या बाबतीत फार चुकणार नाही, कारण बहुतेक लोक सरासरीजवळच असतात. चुकेल ते नेमकं ज्याचं बीपी १७० आहे त्याच्या बाबतीत. आणि यंत्र हवं असतं ते त्याच्यासाठीच! म्हणून कुठलंही नवं यंत्र आलं की पहिला प्रश्न हा: हे माझ्या ढ डब्यापेक्षा हुशार आहे का? त्या ॲपचं वागणं माझ्या डब्यासारखंच होतं.

गोष्ट अजून संपलेली नाही. अमेरिकेतल्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, फेडरल ट्रेड कमिशनने, २०१६ च्या डिसेंबरमध्ये कंपनीला पकडलं. जवळपास सहा लाख डॉलरचा आदेश निघाला, पण कंपनीची ऐपत नाही म्हणून वसुली थांबवली. आयोगाच्या तक्रारीत असंही होतं की दुकानातला एक पाच ताऱ्यांचा अभिप्राय कंपनीच्या प्रमुखानेच लिहिला होता. स्वतःच्या लग्नात स्वतःच वाजंत्री! पण बाकीचे अभिप्रायही बहुतेक चांगलेच होते, आणि मला अस्वस्थ करतं ते हे. हॉपकिन्सच्या त्याच डॉक्टरांनी पुढे लोकांना विचारलं, तुमचं बीपी किती असेल असं तुम्हाला वाटतं? मग ॲप वापरायला दिलं. ज्यांना आपल्या अंदाजापेक्षा जास्त आकडा दिसला, त्यांना ॲप कमी आवडलं, आणि पुन्हा बीपी तपासायची इच्छाही त्यांना कमी झाली. गोड बोलणारं यंत्र सगळ्यांना आवडतं. घरात जसा... नको, समोर मंडळी बसली आहेत.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, पंधरा मिनिटं. बरं.

आता, फोन जाऊ द्या, चांगल्या कंपनीच्या घड्याळाचं काय? त्यासाठी पट्टा काय करतो ते बघू. १८९६ मध्ये इटलीत रिवा-रोच्ची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधला. कल्पना साधी आणि पक्की: बाहेरून किती दाबलं की आतला प्रवाह थांबतो, ते मोजायचं. १९०५ मध्ये रशियात कोरोत्कॉव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोप जोडला. घरचं डिजिटल यंत्र आवाज ऐकत नाही, ते पट्ट्यातले ठोक्याचे हेलकावे बघतं आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा गणिताने काढतं. म्हणजे तिथेही थोडा अंदाज आहेच. पण तो अंदाज एका खऱ्या, मोजलेल्या दाबावर उभा आहे.

बहुतेक घड्याळं काहीच दाबत नाहीत. मागच्या बाजूला हिरवा दिवा असतो, तो कातडीत प्रकाश टाकतो. ठोक्याबरोबर रक्त आलं की प्रकाश जास्त शोषला जातो, ओसरलं की कमी. त्यातून एक लाट मिळते. लाटेचा आकार, आणि काही यंत्रांत ती हृदयापासून मनगटापर्यंत किती वेळात पोहोचली हे बघून दाबाचा अंदाज बांधतात. तत्त्व खोटं नाही. दाब वाढला की धमनी ताठते आणि लाट वेगाने धावते. पण धमनी वयानेही ताठते, आणि गोळीने सैल पडते. थंडीत कातडीतल्या बारीक नसा आकसतात आणि लाटेचा आकारच बदलतो, दाब तोच असला तरी. बागेतल्या रबरी पाइपातून पाणी कसं उसळतंय ते लांबून बघून टाकीची उंची सांगण्यासारखं आहे हे. पाइप नवा की जुना, हे माहीत नसेल तर सांगाल काय?

हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. म्हणून सॅमसंगचं घड्याळ सुरुवातीला दंडाच्या यंत्राने तीनदा बीपी घेऊन ते आकडे भरायला सांगतं, आणि दर २८ दिवसांनी पुन्हा. याला कॅलिब्रेशन म्हणतात. ऐकायला शास्त्रीय वाटतं. आता एक उदाहरण धरू. आकडे मी धरलेले आहेत, पण असं घडू शकतं. एक काकू आहेत, गोळ्या नियमित. एक तारखेला दंडाच्या यंत्रावर १२६ आलं, ते घड्याळात भरलं. दहा तारखेला गोळ्या संपल्या. लेकीकडे लग्न, धावपळ, आणायच्या राहून गेल्या. वीस तारखेला खरं बीपी १५४. घड्याळ काय म्हणतं? १३०. कारण एक तारखेचा आकडा त्याच्या पोटात आहे आणि त्याच्याभोवतीच ते थोडं वर-खाली करतंय. काकू निश्चिंत. २९ तारखेला पुन्हा कॅलिब्रेशन केलं की आकडा एकदम १५२ वर उडी मारतो, आणि काकू म्हणतात, घड्याळ बिघडलं! बिघडलं नाही, त्या दिवशी त्याला खरं सांगितलं गेलं. अशी उडी दिसली, तर मधल्या आठवड्यांतले आकडे जुन्या आठवणीवर चालले होते असं समजा.

आणि इथेही माझा ढ डबा बसतो, बरं का. यंत्र तपासताना माणसाला खुर्चीत शांत बसवून, नुकतंच कॅलिब्रेशन करून लगेच तुलना केली, तर मघाचाच आकडा पुन्हा छापणारा डबासुद्धा पास होऊ शकतो. म्हणूनच युरोपातल्या उच्च रक्तदाबाच्या तज्ज्ञ संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की अशा यंत्रांना वेगळ्या परीक्षा हव्यात: हात वर-खाली केल्यावर, व्यायामात, झोपेत, औषध सुरू केल्यावर आणि पुढच्या कॅलिब्रेशनच्या आधी. हाताचं कारण सोपं आहे. मनगट हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल, तर तिथला दाब सात-आठ अंकांनी जास्त असतो.

दीड-दोन हजारांच्या घड्याळांचं मी बोलतच नाही. ज्याच्याकडे असेल त्याने घरी जाऊन ते गुंडाळलेल्या टॉवेलला बांधून बघावं. टॉवेलचं बीपी आलं, तर त्याला मीठ कमी करायला सांगा. पुस्तिकेत बारीक अक्षरात 'वैद्यकीय वापरासाठी नाही' असं बहुधा असतं, आणि दुकानदार ते वाचून दाखवत नाही.

पाच मिनिटं राहिली म्हणतात, आणि छापलेला विषय अजून सुरूच झालेला नाही. घाईने सांगतो.

उपयोग आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲपल वॉचमधल्या एका सोयीला परवानगी दिली. ती आकडा दाखवतच नाही. तीस दिवसांच्या लाटा बघते आणि संशय आला तरच म्हणते, बीपी वाढलेलं असू शकतं, सात दिवस पट्ट्याने मोजा. मला हा प्रामाणिकपणा आवडला. उच्च रक्तदाब असलेल्या शंभरांपैकी साधारण एक्केचाळीस जण ती पकडते. ज्यांना तो नाही, अशा शंभरांपैकी आठेक जणांना उगाच सूचना जाते. म्हणजे सूचना आली तर जरूर मोजा, पण आली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, निम्म्याहून जास्त लोक सुटतात. कधीच बीपी न मोजणाऱ्या चाळिशीतल्या मुलासाठी ही चांगली गोष्ट आहे. आपल्यासारख्या गोळ्या चालू असलेल्यांसाठी नव्हे. ती सोय मुळात निदान न झालेल्यांसाठीच आहे.

दुसरं, काही घड्याळांच्या पट्ट्यातच फुगणारी बारीक पिशवी असते. ती खरोखर दाबते. अशी घड्याळं माझ्या तक्रारीतून वगळा, पण मोजताना मनगट हृदयाच्या उंचीवर धरा.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: "मग घड्याळ काढून ठेवू का?" नको. नाडी, चाललेली पावलं, झोप यासाठी ठेवा. बीपीसाठी मात्र दंडाचं यंत्र घ्या आणि पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना ते बघा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच वाढतो. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. घड्याळाने ११० दाखवलं म्हणून आपणहून गोळी अर्धी करू नका.

अजून दोन चिठ्ठ्या आहेत, त्या चहाच्या टेबलावर घेतो.