कानाकडे बघणारी नजर

या फोटोतली मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, असं तुम्हाला वाटेल. ती बघतेय. समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून ती नजर त्याच्या कानावर ठेवते. सरळ बघितलं की चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिपका येतो.

परभणी जिल्ह्यातलं गाव. दहावीचं वर्ष. पुस्तक बघा कसं धरलंय, तिरकं, नाकाला टेकेल इतकं जवळ. शेळ्या मात्र ती बिनचूक वळवते, कारण कडेचं सगळं नीट दिसतं. म्हणूनच शाळेत म्हणाले, नाटकं करते.

आई सांगते, "मोबाईल बघून झालं आसंल म्हणलं. चष्मा केला, नंबर बदलून दुसरा केला. लेकरू म्हणतंय, फरकच न्हाई."

फरक पडणार नव्हताच. दोष भिंगात नाही, डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध आहे. या आजाराचं नाव स्टारगार्ट. जर्मन नेत्रतज्ज्ञ कार्ल स्टारगार्ट यांनी १९०९ मध्ये त्याचं वर्णन केलं. सुरुवातीला साध्या तपासणीत पडदा जवळजवळ निरोगी दिसू शकतो, आणि पोरांवर खोटेपणाचा शिक्का बसतो तो इथेच.

आता तिच्या डोळ्याच्या पडद्याचा हा फोटो बघा. डोळ्यात रंग न टाकता, विशिष्ट निळा प्रकाश सोडून काढलेला. पडद्यामागच्या पेशींत साठलेला कचरा या प्रकाशात चमकतो. हे पांढरे, माशांच्या आकाराचे ठिपके म्हणजे तो कचरा. आणि मधला काळा डाग? तिथल्या पेशी मेल्यात, चमकायला काही उरलेलं नाही.

कचरा साठतो कसा? प्रकाश टिपताना 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला एक पदार्थ वापरला जातो. काम झाल्यावर त्याचं उरलेलं बाहेर काढायला एक प्रथिन असतं आणि ते बनवायची कृती एबीसीए४ या जनुकात असते. प्रथिन बिघडलं की उरलेलं तिथेच अडकतं, त्याचं विष होतं. आधी मागच्या पेशी मरतात, मग त्यांच्यावर जगणाऱ्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी. फळीवरची ही गोळ्यांची पट्टी बघा. कुणी तरी डोळ्यांसाठी चांगल्या म्हणून आणून दिलेल्या 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या. या आजारात त्या टाळायच्या असतात, त्या कचऱ्याला कच्चा माल पुरवतात. आता बंद केल्यात.

आईवडिलांचे डोळे ठणठणीत आहेत. वडिलांनी मामाची मुलगी केली, आपल्याकडे हे नवं नाही. एकाच घराण्यातून आलेला बिघाड दोघांकडे जनुकाच्या दोनपैकी एकेका प्रतीत होता. प्रत्येकाची दुसरी प्रत चांगली, म्हणून कुणाला कळलंच नाही. मुलीकडे दोन्ही बिघडलेल्या आल्या. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला हा धोका चारात एक असतो. धाकट्या भावाचा पडदाही तपासला, तो सध्या स्वच्छ आहे.

हे कळलं रक्ताच्या जनुक तपासणीतून. डॉक्टरांनी ही तपासणी लिहून द्यायलाच हवी, असं आम्हाला वाटतं, कारण पुढचं सगळं त्या कागदावर अडतं.

आता जनुक उपचार. डोळ्याच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजारावर, आरपीई६५ जनुकातल्या बिघाडावर, २०१७ मध्ये अमेरिकेत असं औषध मंजूर झालं. निरुपद्रवी केलेला छोटा विषाणू हा डबा, त्यात चांगलं जनुक भरायचं आणि पडद्याखाली टोचायचं. मग इथे तेच का नाही? डब्यात जनुकाच्या लिपीतली साधारण ४,७०० अक्षरं मावतात. एबीसीए४ ची कृतीच ६,८०० अक्षरांची आहे.

मोठ्या डब्याचा प्रयोग झाला. २०११ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत घोड्यांच्या एका विषाणूपासून बनवलेला डबा वापरला. दृष्टीत ठोस फायदा दिसला नाही, काही डोळ्यांत झीज वाढलेली आढळली. आता जनुक दोन तुकडे करून दोन डब्यांत पाठवतात. दोन्ही तुकडे एकाच पेशीत पोचले पाहिजेत. तिथे प्रथिनाचे दोन अर्धे भाग तयार होतात आणि त्यांच्या टोकांना लावलेले जोड ते सांधून स्वतः गळून पडतात. माणसांवर याच्या पहिल्या टप्प्यांच्या चाचण्या सुरू झाल्यात. टोचताना पडद्याखाली द्रवाचा फुगा करावा लागतो आणि आधीच नाजूक झालेला मधला भाग तेवढा वेळ उचलला जातो, हा धोका वेगळाच.

आणि एक गोष्ट कुठलाच डबा करणार नाही. त्या काळ्या डागातल्या पेशी परत येणार नाहीत. फायदा झालाच तर कडेच्या, आजारी पण जिवंत पेशींना.

परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद जमवणं चालू आहे. अशा चाचणीत नाव घालायचं तर जनुकाच्या दोन्ही प्रतींतला बिघाड नावानिशी माहीत असावा लागतो. काही मुलांच्या अहवालात एकच बिघाड सापडतो, कारण दुसरा जनुकाच्या नेहमी न वाचल्या जाणाऱ्या भागात लपलेला असतो. मग तो भाग वेगळा वाचून घ्यायला सांगावं लागतं. हिच्या अहवालात दोन्ही प्रतींतला बिघाड नोंदलेला आहे.